ढाल कुणाच्या नावाची?

आमच्या तालुक्याच्या आंतरशालेय मैदानी स्पर्धेची फिरती ढाल भरत आली आहे. सागवानी फळी, मधोमध पितळेचा गोल पत्रा आणि कडेने विजेत्या शाळांची नावं कोरलेल्या बोटभर पट्ट्या. वीस पट्ट्यांची जागा होती, अठरा लागल्या. मधला पत्रा चांगला तळहाताएवढा आहे. त्यावर देणगीदारांच्या वडिलांचं नाव, आधी 'कै.', मग पदं, शेवटी देणगीदारांचं स्वतःचं नाव, असा पाच ओळींचा मजकूर आहे. धावणं, उडी, फेक यांतला एकही शब्द त्यात नाही. ढाल कपाटात ठेवली तर ती पळण्याची आहे की भजनाची, हे सांगता येणार नाही.

दोन वर्षांनी नवी ढाल करावी लागेल. समितीत बोलणी सुरू झाली आहेत आणि नव्या ढालीसाठी देणगीदार शोधा, असा पहिलाच सूर निघाला. मी बरीच वर्षं या स्पर्धेत स्टार्टर म्हणून उभा राहिलो आहे, फक्की मारण्यापासून निकाल लिहिण्यापर्यंत सगळी कामं केली आहेत. त्या अनुभवावरून माझं म्हणणं स्पष्ट आहे. स्पर्धेला देणगीदाराचं नाव नको आणि ढालीलाही नको. ही दोन्ही नावं वेगवेगळी ठरवावीत, पण एकाच बैठकीत ठरवावीत.

आधी आमच्याकडे काय घडलं ते सांगतो. स्पर्धा सुरू झाली तेव्हा ती एका पतसंस्थेच्या नावाने होती. बॅनर, प्रमाणपत्रं, सगळ्यावर पतसंस्थेचं नाव. काही वर्षांनी पतसंस्था बुडाली. त्या हिवाळ्यात ज्या शाळेने सर्वसाधारण विजेतेपद मिळवलं, तिच्या मुख्याध्यापकांनी चषक व्यासपीठावर घेतला आणि शाळेत नेल्यावर कार्यालयाच्या कपाटात न लावता स्टोअरच्या खोलीत ठेवला. मी विचारलं तेव्हा ते म्हणाले, "सर, पालक दाखल्यासाठी येतात तेव्हा समोर हे नाव दिसतं. निम्म्यांच्या ठेवी अडकल्यात." मुलांनी दोन दिवस घाम गाळून मिळवलेला चषक, आणि तो लपवून ठेवायची वेळ आली.

मग नवे देणगीदार आले. स्पर्धेचं नाव बदललं, ढाल आली, तीच ही. पण देणगीदारांची स्वतःची शिक्षणसंस्था होती आणि तालुक्यात दुसरीही एक मोठी संस्था होती. महाराष्ट्रात ज्यांनी शाळांमध्ये नोकरी केली आहे त्यांना पुढचं सांगायला नको. दुसऱ्या संस्थेच्या शाळांनी पहिल्या वर्षी संघ पाठवले. दुसऱ्या वर्षी निम्मेच आले, तिसऱ्या वर्षी प्रवेशिकाच नाहीत. कुणी बहिष्कार जाहीर केला नाही, लेखी काहीच नाही. "त्यांच्या नावाच्या स्पर्धेत आपली पोरं कशाला?" एवढं वाक्य संस्थेच्या एका बैठकीत कुणीतरी बोललं आणि तिथल्या क्रीडाशिक्षकांना ते पुरेसं होतं. त्यांची नोकरी त्या संस्थेत होती. तालुक्यातली सगळ्यात चांगली लांब उडी मारणारी मुलगी त्या काळात त्यांच्या शाळेत होती. ती आमच्या खड्ड्यात कधी उतरलीच नाही.

माझ्या मते प्रश्नाचं मूळ इथे आहे. शाळेची स्वतःची क्रीडास्पर्धा असेल तर तिचं नाव शाळेने हवं ते ठेवावं. आंतरशालेय स्पर्धेत पंचवीस शाळा येतात. सरकारी, खासगी, आश्रमशाळा, एकमेकांशी निवडणुका लढवणाऱ्या संस्थांच्या शाळा. त्यांना जे पहिलं पत्र जातं त्याच्या माथ्यावर स्पर्धेचं नाव असतं. त्या नावातूनच मुख्याध्यापकाला कळतं की आपण कुणाच्या अंगणात चाललो आहोत.

नाव बदलण्याचा दुसरा तोटा विक्रमांना बसतो आणि त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. पतसंस्थेच्या काळात सतरा वर्षांखालील मुलींच्या ८०० मीटरमध्ये एका मुलीने २ मिनिटं २४ सेकंद वेळ दिली होती. नाव बदललं, आवृत्तीचा आकडा पुन्हा एकपासून सुरू झाला आणि पहिल्याच वर्षी २ मिनिटं ३१ सेकंदांना लाउडस्पीकरवरून 'स्पर्धा विक्रम' म्हणून टाळ्या पडल्या. जिंकलेल्या मुलीचा यात काही दोष नाही. पण आधीची मुलगी, जी तोवर लग्न होऊन त्याच गावात राहत होती, तिचं धावणं कागदावरून पुसलं गेलं. मैदान तेच, शाळा त्याच, स्टार्टरही तोच. फक्त पैसे देणारा बदलला होता.

मोठ्या स्पर्धांना हे परवडतं, कारण त्यांच्याकडे प्रायोजकाच्या मागे स्वतःचं एक पक्कं नाव असतं. आयपीएलच्या आधी कधी डीएलएफ लागलं, मग पेप्सी, विवो, ड्रीम इलेव्हन, टाटा. लोक आयपीएलच म्हणत राहिले. मुंबईची मॅरेथॉन आधी स्टँडर्ड चार्टर्डची होती, २०१८ पासून टाटांची झाली. धावणारा मात्र 'मुंबई मॅरेथॉन केली' असंच सांगतो. तालुक्याच्या स्पर्धेला असं मागचं नावच नसतं. देणगीदाराचं नाव काढलं की खाली 'आंतरशालेय मैदानी स्पर्धा' एवढं उरतं आणि ते तर राज्यातल्या प्रत्येक स्पर्धेचं वर्णन आहे.

आता ढालीकडे येतो. समितीत एक तोडगा सुचवला गेला: स्पर्धेचं नाव तटस्थ ठेवू, ढालीवर हवं तर देणगीदाराचं नाव राहू दे. ऐकायला बरं वाटतं, पण ते टिकणार नाही, कारण ढालीचं नाव स्पर्धेचं नाव गिळतं. मुंबईची शाळकरी मुलं क्रिकेटमध्ये 'हॅरिस' खेळतात, 'गाइल्स' खेळतात. पुण्यातली कॉलेजची मुलं नाटक घेऊन 'पुरुषोत्तमला' उतरतात. पुढचे 'शील्ड', 'करंडक', 'आंतरमहाविद्यालयीन' हे शब्द केव्हाच गळून पडलेले असतात. जिभेला जे छोटं आणि वेगळं वाटतं ते उरतं.

याचं सगळ्यात बोलकं उदाहरण कॅनडातलं आहे. १८९२ साली तिथले गव्हर्नर जनरल लॉर्ड स्टॅन्ले यांनी आइस हॉकीसाठी चांदीचं एक भांडं दिलं. त्याच्या एका बाजूला 'डोमिनियन हॉकी चॅलेंज कप' असं नाव कोरलेलं होतं. दुसऱ्या बाजूला 'प्रेस्टनचे स्टॅन्ले यांच्याकडून' एवढीच ओळ. अधिकृत नाव नीट विचार करून ठेवलेलं होतं, देशाचं होतं, कुणा व्यक्तीचं नव्हतं. पण ते चार शब्दांचं होतं, आणि मागच्या बाजूला एक सुटसुटीत शब्द तयार होता. आज जग त्याला स्टॅन्ले कप म्हणतं. टेनिसच्या डेव्हिस कपचंही तसंच. १९०० साली ड्वाइट डेव्हिस यांनी दिलेल्या चषकाच्या स्पर्धेचं नाव 'इंटरनॅशनल लॉन टेनिस चॅलेंज' होतं. ते म्हणत बसायला कुणाला वेळ होता?

आपल्याकडे १९३४ साली देशाची क्रिकेट स्पर्धा ठरली तेव्हा तिचं नाव 'क्रिकेट चॅम्पियनशिप ऑफ इंडिया' असं होतं. चषक देण्याची तयारी पतियाळाच्या महाराजांनी दाखवली, भूपिंदर सिंग यांनी. त्यांनी तो स्वतःच्या नावाने दिला नाही. आदल्याच वर्षी वारलेले खेळाडू रणजितसिंह यांच्या नावाने दिला. मध्ये व्हाइसरॉय विलिंग्डन यांच्या नावाचा चषक पुढे करण्याचाही प्रयत्न झाला, पण अखेर रणजी चषक राहिला आणि काही काळातच स्पर्धेचं मूळ नाव मागे पडून ती 'रणजी' झाली. भूपिंदर सिंगांच्या मनात त्या वेळचं काय राजकारण होतं हा वेगळा विषय आहे. आपल्या कामाचं एवढंच की देणारा एक आणि नाव दुसऱ्याचं, हे आपल्याकडे घडलेलं आहे आणि नव्वद वर्षं टिकलेलं आहे.

या तीन उदाहरणांवरून मी दोन गोष्टी पक्क्या धरतो. ढालीला स्वतःचं, छोटं, बोलता येईल असं नाव हवंच. ते नसेल तर लोक ढालीवर दिसणारा दुसरा कुठलाही छोटा शब्द उचलतील, आणि तो देणगीदाराचं आडनाव असेल. म्हणून 'आभार' म्हणून एक ओळसुद्धा दर्शनी बाजूला कोरू नये. नाव 'ठेवायचं नाही' एवढा ठराव करून भागत नाही, मोकळी जागा भरावी लागते.

यावर देणगीदार काय म्हणतात ते मी नीट ऐकलं आहे आणि त्यात तथ्य आहे. वडिलांच्या आठवणीसाठी काही करावं ही भावना खरी असते. वर्षाकाठी खिशातून पैसे काढून देणारी माणसं तालुक्यात फार नसतात. पण कायमचं नाव आणि एकदाच दिलेली रक्कम यांचं गणित मांडून पाहा. तीस वर्षांपूर्वी कुणी ५०,००० रुपयांची ठेव ठेवली असेल तर बारा टक्क्यांनी वर्षाला ६,००० रुपये व्याज येत होतं. आज तीच ठेव साडेसहा टक्क्यांनी ३,२५० रुपये देते. तीन वयोगट, मुलं आणि मुली, प्रत्येकी दहा प्रकार आणि तीन क्रमांक धरले तर १८० पदकं लागतात. रिलेची चौघांची वेगळी पदकं सोडूनच द्या. पदक रिबिनीसकट पन्नास रुपयांचं धरलं तरी ९,००० झाले. म्हणजे ज्यांच्या नावाने स्पर्धा ओळखली जाते त्यांच्या ठेवीतून आज पदकांच्या खर्चाचा तिसरा हिस्सा जेमतेम निघतो. जेवण, मंडप, रुग्णवाहिका यांचं तर नावच नको. त्यासाठी दरवर्षी दुसरे दहा जण पैसे देतात आणि त्यांची नावं कुणाला माहीत नसतात. यात कुणी फसवलेलं नाही. व्याजदर उतरले, महागाई वाढली. नाव मात्र पितळेत कोरलेलं असल्यामुळे जिथल्या तिथे राहिलं.

आणि देणगीदार नावाशिवाय देतच नाहीत, हेही खरं नाही. १९१९ साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या क्रीडास्पर्धांना दोराबजी टाटा आले होते. तिथे त्यांनी अनवाणी धावणारी खेड्यातली मुलं पाहिली. त्यातून पुढच्या वर्षी अँटवर्पच्या ऑलिंपिकला भारतीय खेळाडू पाठवायचं ठरलं आणि टाटांनी त्यासाठी पैसे दिले. बेळगावचे फडेप्पा चौगुले तिथे मॅरेथॉन धावले आणि एकोणिसावे आले. ते भारताचे म्हणून धावले. टाटांचं नाव त्यांच्या बनियनवर नव्हतं, आणि तरी शंभर वर्षांनी मी ते इथे लिहितो आहे.

कायदासुद्धा हा फरक ओळखतो. केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाने ११ ऑक्टोबर २०१९ रोजी जीएसटीबद्दल एक परिपत्रक काढलं. धर्मादाय संस्थेला कुणी देणगी दिली आणि संस्थेने कृतज्ञता म्हणून त्याच्या नावाची पाटी लावली, आणि त्यामागे धंद्याची जाहिरात नसेल, तर त्यावर कर नाही, असं त्यात म्हटलं आहे. वडिलांच्या स्मरणार्थ अमुक यांनी दिलं, अशी पाटी हे तिथलंच उदाहरण आहे. जाहिरात करण्याचं बंधन आलं की ती देणगी राहत नाही, ती विकलेली सेवा होते. आमच्या छोट्या समितीला कराची रक्कम ही मोठी गोष्ट नाही. पण पाटी आणि जाहिरात यांतली ही रेघ आम्हीही ओढायला हवी. देणाऱ्याचं नाव पाटीवर जरूर असावं. मुलाच्या तोंडी, प्रमाणपत्राच्या माथ्यावर आणि स्टार्टरच्या घोषणेत नसावं.

प्रमाणपत्राचं मुद्दाम लिहितो. माझ्यासमोर आमचं गेल्या वर्षीचं एक प्रमाणपत्र आहे. वर देणगीदारांच्या वडिलांचा रंगीत फोटो, खाली ठसठशीत अक्षरांत त्यांचं नाव. मधल्या टिंबांच्या रेघेवर बॉलपेनने मुलीचं नाव लिहिलं आहे. शाई मध्येच अडकल्यामुळे आडनावाची शेवटची दोन अक्षरं नुसती कागदात रुतली आहेत. उजेडात तिरकं धरलं तरच वाचता येतात. ती मुलगी गोळाफेकीत पहिली आली होती.

मग नवी नावं काय ठेवावीत? आमच्या बैठकीत पहिली सूचना नदीच्या नावाची आली. आमच्या भागात नदीचं नाव घेणं सोपं नाही. साखर कारखाने, दूध संघ, बँका यांनी नद्या कधीच वाटून घेतल्या आहेत. नदीचं नाव उच्चारलं की कुठल्या तरी अध्यक्षाचा चेहरा डोळ्यासमोर येतो. दुसरी सूचना एखाद्या खेळाडूच्या नावाची. मला ती रणजीच्या वाटेची म्हणून आवडते आणि चौगुल्यांसारख्या धावपटूचं नाव ढालीला शोभेल. पण तालुक्यात अडचण येते ती आडनावाची. लोक पुढे फक्त आडनाव म्हणणार, आणि त्याच आडनावाचे एखादे माजी सभापती असले की झालं. बाहेरगावच्या माणसाला ढाल त्यांचीच वाटणार. खेळाडू हयात असेल तर त्याला विचारावं लागतं, नसेल तर घरच्यांना. ते सगळं होत असेल तर जरूर करावं.

मी मांडलेली नावं साधी आहेत. स्पर्धा कुठली आणि कधीची एवढं तिच्या नावात यावं: तालुक्याचं नाव आणि पुढे 'हिवाळी मैदानी'. मुलं 'हिवाळी' म्हणतील, आणि ते चालेल. ढालीसाठी मी 'चिंच' सुचवली आहे. आमच्या मैदानाच्या कोपऱ्यात, १०० मीटरच्या फिनिशपासून दहा पावलांवर, एक जुनी चिंच आहे. सगळ्या शाळांची मुलं तिच्याखाली डबे खातात, स्पाइक्स बांधतात, हरल्यावर तिच्या बुंध्याशी जाऊन रडतात. तिच्याखाली कुठल्याच संस्थेचा मंडप नसतो. एक सदस्य म्हणाले, "चिंच ढाल? भारदस्त वाटत नाही." मी त्यांना मोठ्याने म्हणून पाहायला सांगितलं: 'यंदा चिंच आपल्याकडे आली.' नाव तपासायची माझी रीत हीच आहे. दहावीच्या मुलाच्या तोंडी वाक्यात घालून पाहायचं आणि लाउडस्पीकरवरून एकदा पुकारायचं. जे नाव अडखळतं ते लोक बदलून टाकतात, आणि कशात बदलतील ते आपल्या हातात राहत नाही.

ढालीचे पैसे शाळांनीच भरावेत हा माझा दुसरा आग्रह आहे. पंचवीस शाळांनी एकदाच पाचशे रुपये दिले तर साडेबारा हजार होतात आणि त्यात चांगली ढाल बनते. मग ढाल सगळ्यांची, आणि तिच्यावर कुणी नाव मागायला येत नाही. देणगीदारांकडून वस्तू न घेता त्या दिवशी संपून जाणाऱ्या गोष्टी घ्याव्यात: जेवण, पाणी, पदकं, रुग्णवाहिका. टिकणारी वस्तू दिली की माणसाला तिच्यावर नाव टिकवावंसं वाटतं, त्यात गैर काही नाही. शंभर मुलांना जेवू घालणारा मात्र पातेल्यावर नाव कोरायला सांगत नाही. त्याचं नाव त्या वर्षीच्या स्मरणिकेत आणि प्रवेशद्वाराजवळच्या फळ्यावर, रकमेच्या उतरत्या क्रमाने न लावता अकारविल्हे लिहावं, आणि दुपारी पंगत बसताना एकदा मोठ्याने वाचावं. ते मुलं ऐकतात. मी पाहिलं आहे.

समितीपुढे मी ठेवलेला ठराव एवढाच आहे: 'ढालीच्या दर्शनी बाजूस स्पर्धेचे व ढालीचे नाव आणि विजेत्या शाळांच्या पट्ट्या यांव्यतिरिक्त कोणताही मजकूर असणार नाही. स्पर्धेचे नाव व आवृत्तीचा क्रमांक आर्थिक साहाय्याच्या कारणाने बदलता येणार नाही.' दुसरं वाक्य मला पहिल्याहून महत्त्वाचं वाटतं. ते त्या २ मिनिटं २४ सेकंदांसाठी आहे. नव्या नावासोबत आवृत्तीचा आकडा अगदी पहिल्या वर्षापासून, पतसंस्थेच्या वर्षांसकट, मोजावा असंही मी सुचवलं आहे. जुन्या निकालांच्या वह्या माझ्याकडे आहेत.

राहता राहिली जुनी ढाल. तिच्यावरचं नाव खरवडावं असं मी म्हणणार नाही. ज्यांनी दिली त्यांनी त्या वेळी दिली म्हणून दोन दशकं स्पर्धा चालली. उरलेल्या दोन पट्ट्या लागू द्याव्यात. विसाव्या वर्षी बक्षीस समारंभात ढाल त्यांच्या कुटुंबाला परत द्यावी, सगळ्या विजेत्या शाळांची नावं व्यासपीठावरून वाचून. त्यांना वाटलं तर ती त्यांच्या घरी राहील, वाटलं तर वडिलांच्या शाळेत. पण हे त्यांना बॅनरवर वाचून कळता कामा नये. दिवाळीनंतर समितीतले आम्ही दोघं त्यांच्या घरी जाणार आहोत, ठरावाची प्रत आणि निकालांच्या वह्या घेऊन.